अपुरी झोप, भूक आणि शरीराचे वजन

अपुरी झोप आणि भूक यांचा संबंध हा निद्राविज्ञान, अंतःस्रावशास्त्र आणि आहारशास्त्र या तीन शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. प्रौढ व्यक्तीने रोज किमान ७ तास झोप घ्यावी, अशी शिफारस निद्रावैद्यकाच्या दोन अमेरिकन संस्थांनी २०१५ साली संयुक्तपणे केली. सलग काही रात्री यापेक्षा बरीच कमी झोप मिळाल्यास बहुतेक व्यक्तींचे खाणे वाढते, गोड, तळलेल्या आणि पिष्टमय पदार्थांची ओढ वाढते आणि हे जादा खाणे मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतर होते, असे प्रयोगांत आढळले आहे. जागे राहिल्याने शरीराची ऊर्जाही थोडी अधिक खर्च होते. मात्र खाण्यातील वाढ त्या खर्चापेक्षा मोठी असते. या दोहोंतील फरक चरबीच्या रूपाने साठत जातो. तो दर दिवशी लहान असल्यामुळे आणि नेहमीच वजनकाट्यावर दिसत नसल्यामुळे अनेकदा दीर्घकाळ लक्षात येत नाही.

## पार्श्वभूमी

भूक ही केवळ रिकाम्या पोटाची संवेदना नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीरातील ऊर्जासाठ्याची माहिती रक्तातील संप्रेरकांद्वारे घेत असतो. त्यांपैकी दोन संप्रेरके या विषयात महत्त्वाची आहेत. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून स्रवते आणि साठा पुरेसा असल्याचा संदेश देते. त्याचा शोध जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ साली लावला. घ्रेलिन हे मुख्यतः जठरातून स्रवते, जेवणापूर्वी वाढते आणि भूक जागवते. ते जपानी संशोधक मासायासू कोजिमा व केंजी कांगावा यांनी १९९९ साली शोधले. ही दोन संप्रेरके रक्तात मोजता येऊ लागल्यावर झोप कमी झाली असता त्यांचे काय होते, हा प्रश्न प्रयोगशाळेत तपासणे शक्य झाले.

## शिकागो येथील प्रयोग

या विषयातील सर्वाधिक उद्धृत केला जाणारा प्रयोग शिकागो विद्यापीठात कारीन श्पीगल, एव्ह व्हॅन काउटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात १२ निरोगी तरुण पुरुष सहभागी होते. प्रत्येकाची तपासणी दोनदा झाली. एकदा सलग दोन रात्री त्यांना केवळ ४ तास अंथरुणात राहू दिले, तर दुसऱ्यांदा सलग दोन रात्री १० तास. दोन्ही वेळा शरीरात जाणारी ऊर्जा सारखीच ठेवण्यात आली. त्यासाठी मोजमापाच्या काळात शिरेवाटे ठरावीक प्रमाणात ग्लुकोज दिले गेले. त्यामुळे संप्रेरकांत दिसणारा फरक कमी-जास्त खाण्यामुळे नव्हे, तर झोपेमुळे आहे, असे म्हणता आले.

कमी झोपेनंतर लेप्टिन सुमारे १८ टक्क्यांनी घटले आणि घ्रेलिन सुमारे २८ टक्क्यांनी वाढले. सहभागींनी दिवसभर नोंदवलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. कोणता पदार्थ खावासा वाटतो, असे विचारले असता मिठाई, खारवलेले पदार्थ आणि पाव-बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ यांची इच्छा ३३ ते ४५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. फळे, भाज्या व प्रथिनयुक्त पदार्थांच्या बाबतीत तेवढी वाढ नव्हती. शरीराला ऊर्जा तेवढीच मिळत असताना मेंदूपर्यंत मात्र कमतरतेचा संदेश पोहोचत होता, असा याचा अर्थ लावण्यात आला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यातील १,०२४ व्यक्तींच्या पाहणीतही सवयीने ५ तास झोपणाऱ्यांत ८ तास झोपणाऱ्यांपेक्षा लेप्टिन कमी आणि घ्रेलिन अधिक आढळले.

### संप्रेरकांच्या स्पष्टीकरणाची मर्यादा

लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते आणि म्हणून भूक लागते, हे स्पष्टीकरण लोकप्रिय झाले. तथापि पुढील प्रयोगांत ते दर वेळी टिकले नाही. शिकागो येथेच २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ व्यक्तींना प्रत्येकी १४ दिवस साडेपाच तास आणि १४ दिवस साडेआठ तास झोपेची संधी देण्यात आली व हवे तेवढे खाण्याची मुभा होती. दोन्ही वेळा लेप्टिन आणि घ्रेलिनच्या पातळीत लक्षणीय फरक आढळला नाही. असे असूनही कमी झोपेच्या काळात दोन जेवणांमधील अल्पोपाहारातून मिळणारी ऊर्जा दिवसाला सुमारे २२० किलोकॅलरींनी वाढली. मुख्य जेवणांत विशेष फरक पडला नाही.

या निष्कर्षांतील विसंगतीचे एक कारण प्रयोगांच्या रचनेत आहे. पहिल्या प्रयोगात खाण्यावर कडक नियंत्रण होते, तर दुसऱ्यात सहभागी मुक्तपणे खात होते. जादा खाल्ल्यावर लेप्टिन वाढते आणि घ्रेलिन दबते. म्हणजेच झोपेमुळे झालेला बदल खाण्यामुळे झाकला जाऊ शकतो. दुसरे असे, की खाण्याची इच्छा केवळ या दोन संप्रेरकांवर अवलंबून नसते.

## खाण्याची ओढ आणि मेंदू

ऊर्जेची गरज भागल्यानंतरही चवीसाठी खावेसे वाटणे, ही भुकेपेक्षा वेगळी प्रक्रिया आहे. पोट भरलेले असताना समोर आलेली जिलेबी नाकारणे किंवा घेणे, हा निर्णय मेंदूतील मोबदल्याशी संबंधित भाग आणि निर्णय तोलणारा कपाळामागील भाग यांच्या समतोलावर ठरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत २३ व्यक्तींना एक रात्र पूर्ण जागे ठेवून दुसऱ्या दिवशी मेंदूचे चित्रण करत खाद्यपदार्थांची छायाचित्रे दाखवण्यात आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निर्णय तोलणाऱ्या भागांची सक्रियता घटलेली, तर अमिग्डाला या भावनिक प्रतिसादाशी संबंधित भागाची सक्रियता वाढलेली दिसली. सहभागींनी निवडलेले पदार्थही अधिक ऊर्जायुक्त होते.

शिकागो येथील २०१६ च्या एका अभ्यासात शरीरात तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड गटातील एका रसायनाचे मापन झाले. खाण्यातून मिळणाऱ्या आनंदाशी संबंधित असे हे रसायन एरवी दुपारनंतर वाढून ओसरते. चार रात्री साडेचार तासांची झोप मिळालेल्यांत ते अधिक वाढले आणि संध्याकाळी उशिरापर्यंत वाढलेलेच राहिले. याच काळात सहभागींना समोर ठेवलेला खाऊ आवरणे कठीण गेले, जरी त्यांचे भरपेट जेवण फार पूर्वी झालेले नव्हते. दिवसभर आहार सांभाळणाऱ्या व्यक्तीचे खाणे नेमके संध्याकाळनंतर का सुटते, याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते.

## ऊर्जेचा हिशेब

जागरणाने ऊर्जा खर्च होते, म्हणून वजन घटावे, असा सर्वसाधारण समज असतो. कोलोरॅडो विद्यापीठात केनेथ राइट यांच्या गटाने हा हिशेब प्रत्यक्ष मांडला. १६ व्यक्तींना प्रत्येकी पाच दिवस ९ तास आणि पाच दिवस ५ तास झोपेची संधी देऊन बंदिस्त कक्षात त्यांचा श्वास व आहार मोजण्यात आला. कमी झोपेत दैनिक ऊर्जाखर्च सुमारे ५ टक्क्यांनी, म्हणजे साधारण १०० किलोकॅलरींनी वाढला. मात्र खाणे त्याहून अधिक वाढले आणि पाच दिवसांत सरासरी ०.८२ किलो वजन वाढले. सहभागींनी न्याहारी कमी केली, परंतु रात्रीच्या जेवणानंतरचा खाऊ कोणत्याही एका जेवणापेक्षा मोठा झाला. त्यांना पुन्हा ९ तास झोपू दिल्यावर खाणे आपोआप कमी झाले. इतक्या अल्पकाळातील वजनवाढीत चरबीबरोबर पाणी आणि पचनमार्गातील अन्नाचाही वाटा असतो, हे लक्षात घ्यावे लागते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २०१३ च्या एका मोठ्या प्रयोगात २२५ व्यक्ती होत्या. पाच रात्री पहाटे ४ ते सकाळी ८ एवढीच झोप मिळालेल्यांचे वजन सरासरी ०.९७ किलोने वाढले. नेहमीप्रमाणे झोपलेल्यांचे ०.११ किलोने. रात्री १० ते पहाटे ४ या वेळात, म्हणजे एरवी झोपेत जाणाऱ्या तासांत, कमी झोपलेल्यांनी दररोज ५०० हून अधिक किलोकॅलरी घेतल्या. यावरून आणखी एक साधे कारण पुढे येते, ते असे, की जागी असलेली व्यक्ती खाऊ शकते, झोपलेली नाही.

२०१७ साली ११ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात अपुऱ्या झोपेनंतरची खाण्यातील वाढ दिवसाला सरासरी ३८५ किलोकॅलरी एवढी आली. प्रयोगशाळेत अन्न मुबलक आणि विनामूल्य असते; त्यामुळे प्रत्यक्ष जीवनातील वाढ याहून कमी असू शकते.

## वजनकाट्यावर न दिसणारा बदल

अपुऱ्या झोपेचा परिणाम दर वेळी वजन वाढण्याच्या रूपात दिसत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या शिकागो येथील प्रयोगात वजन जास्त असलेल्या १० व्यक्तींना सारखाच कमी कॅलरींचा आहार देऊन एकदा १४ दिवस साडेआठ तास आणि एकदा १४ दिवस साडेपाच तास झोपेची संधी देण्यात आली. दोन्ही वेळा वजन जवळपास सारखेच, सुमारे ३ किलो, घटले. मात्र पुरेशा झोपेत त्यांपैकी १.४ किलो चरबी होती; कमी झोपेत केवळ ०.६ किलो. उरलेली घट मुख्यतः स्नायू व इतर चरबीविरहित भागांतील होती. केवळ काटा पाहणाऱ्याला दोन्ही पंधरवडे सारखेच यशस्वी वाटले असते.

मेयो क्लिनिकच्या २०२२ च्या अभ्यासात १२ व्यक्तींना दोन आठवडे ४ तासांची झोप मिळाली. त्यांचे वजन जेमतेम अर्धा किलो वाढले, परंतु पोटातील अवयवांभोवतीची चरबी सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. नंतरच्या काही दिवसांच्या भरपाईच्या झोपेत खाणे आणि वजन कमी झाले, तरी ही चरबी लगेच घटली नाही.

भारतीय वाचकांसाठी या निरीक्षणाला विशेष अर्थ आहे. पुणे येथील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. त्याच वजनाला भारतीयांत चरबी अधिक आणि ती पोटाभोवती अधिक असण्याची प्रवृत्ती असल्याने भारतीयांसाठी देहभार निर्देशांक २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमी आहे. त्यामुळे झोपेचा परिणाम पाहण्यासाठी वजनापेक्षा कमरेचा घेर हे अधिक उपयुक्त माप ठरते.

## झोप वाढवल्यास होणारा परिणाम

झोप कमी केल्याने खाणे वाढते, यावरून झोप वाढवल्याने ते घटेल असे गृहीत धरता येत नाही. हा प्रश्न एसरा तसाली यांच्या गटाने शिकागो येथे तपासला. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सवयीने साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या २१ ते ४० वयाच्या ८० व्यक्तींना त्यांच्या घरीच ठेवून अभ्यास झाला. निम्म्या सहभागींना झोपेच्या सवयींविषयी एकदा वैयक्तिक समुपदेशन देण्यात आले. आहार वा व्यायामाविषयी कोणतीही सूचना नव्हती. दोन आठवड्यांत त्यांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढली आणि खाणे दिवसाला सुमारे २७० किलोकॅलरींनी घटले. काय खाल्ले ते सहभागींना विचारण्याऐवजी, विशिष्ट समस्थानिके असलेले पाणी पाजून मूत्रतपासणीद्वारे ऊर्जाखर्च मोजला गेला व त्यावरून आहाराचा हिशेब केला गेला. खाल्लेले कमी सांगण्याची सवय सर्वत्र आढळत असल्याने ही पद्धत अधिक विश्वसनीय मानली जाते.

२७० किलोकॅलरी म्हणजे साधारण एका मोठ्या सामोशाएवढी ऊर्जा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, असे धरून सरळ गुणाकार केल्यास वर्षाला १२ किलोंहून अधिक फरक येतो. परंतु हा हिशेब चुकीचा आहे. वजन घटले की शरीराची ऊर्जेची गरजही घटते आणि घट मंदावत जाऊन थांबते. हे लक्षात घेणाऱ्या गणिती प्रतिमानांनुसार एवढा फरक कायम राहिल्यास साधारण १२ किलोंचा बदल पूर्ण होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात आणि त्यांतील निम्मा पहिल्या वर्षात होतो. मूळ प्रयोग दोनच आठवड्यांचा असल्याने हा आकडा अपेक्षित परिणाम न मानता केवळ प्रमाणाची कल्पना देणारा मानावा.

## नागपूर आणि महाराष्ट्रातील संदर्भ

वरील प्रयोगांत झोप मुद्दाम कमी करण्यात आली होती. प्रत्यक्ष जीवनात ती कामाच्या पाळ्या, पहाटेची शाळा, उशिरापर्यंतचा भ्रमणध्वनी आणि हवामान यांमुळे कमी होते. नागपुरात यांतील शेवटचे कारण ठळक आहे. शहरातील मे महिन्याच्या कमाल तापमानाची सरासरी ४२ अंश सेल्सिअसच्या वर असते आणि दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या भिंती व गच्च्या रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश वा त्याहून अधिक वर राहिल्यास भारतीय हवामान विभाग त्या रात्रीस ‘उष्ण रात्र’ म्हणतो. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. खोली तापलेली असल्यास ते उशिरा उतरते. ६८ देशांतील मनगटी पट्ट्यांच्या नोंदींवर आधारित २०२२ च्या अभ्यासात किमान तापमान ३० अंशांच्या वर असलेल्या रात्री झोप सरासरी १४ मिनिटांनी घटलेली आढळली. कोरड्या उन्हाळ्यात नागपूरकरांचा कूलर उपयोगी पडतो. पावसाळ्याच्या तोंडाशी हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावून त्याचा गारवा कमी होतो.

तथापि उष्णतेमुळे गेलेली झोप आणि प्रयोगशाळेत कमी केलेली झोप यांचा परिणाम सारखाच होईल असे नाही, कारण कडक उष्म्यात भूक स्वतःच मंदावते. उन्हाळ्यात वजन वाढलेच पाहिजे, असा निष्कर्ष म्हणून काढता येत नाही. रात्री खाणे सहज उपलब्ध असणे आणि झोप कमी होणे, या दोन गोष्टी एकत्र येतात तेथे धोका अधिक असतो. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील वा मिहानमधील पाळीच्या कामात, रेल्वेत आणि रुग्णालयांत हे नित्याचे आहे. पहाटे कामावरून सुटल्यावर तर्री पोहे किंवा आलूबोंडा, घरी उन्हाच्या काहिलीत चार-पाच तासांची तुटक झोप आणि संध्याकाळी पुन्हा चहा-फरसाण, असा दिनक्रम असल्यास जादा खाणे कोणत्याही एका जेवणात दिसत नाही. रात्रपाळीत शरीराच्या जैविक घड्याळाच्या उलट वेळी अन्न पचवावे लागते, हा आणखी एक घटक त्यात मिसळतो.

अंथरुणात घालवलेला वेळ म्हणजे झोप नव्हे, हे चेन्नई येथील ४५२ अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींच्या अभ्यासात दिसले. मनगटावरील उपकरणाने मोजले असता ८ तास अंथरुणात राहूनही त्यांना सरासरी साडेपाच तासच झोप मिळत होती. उष्णता, आवाज आणि डास ही त्यामागची काही कारणे होती. लहान मुलांत कमी झोप आणि लठ्ठपणा यांचा सांख्यिकीय संबंध प्रौढांपेक्षा अधिक स्पष्ट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा उपस्थित केल्यानंतर महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवण्याचा निर्णय घेतला; त्यामागे मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू होता.

## ओळख आणि मर्यादा

खाणे झोपेमुळे वाढले आहे का, हे एखाद्या दिवसावरून ठरवता येत नाही. दोन आठवडे झोपण्या-उठण्याची वेळ आणि रात्रीच्या जेवणानंतर खाल्लेले सर्व काही लिहून ठेवल्यास कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशीचा फरक दिसू शकतो. खरी भूक हळूहळू वाढते आणि भाजी-भाकरीनेही भागते. जेवण होऊन तासाभरातच ठरावीक गोड वा तळलेल्या पदार्थाची तीव्र इच्छा होणे हे ओढीचे लक्षण समजले जाते.

लोकसंख्येच्या पाहण्यांत कमी झोप आणि अधिक वजन एकत्र आढळते, परंतु त्यातून कारण कोणते हे सिद्ध होत नाही. संबंध उलट दिशेनेही असतो. लठ्ठपणामुळे झोपेत श्वास अडखळण्याचा विकार होतो आणि त्याने झोप तुटते. मोठे घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांच्या लक्षात येणे आणि पुरेसे तास झोपूनही दिवसा डुलक्या येणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी केवळ लवकर झोपून उपयोग होत नाही. वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. याशिवाय बहुतेक प्रयोग अल्पकालीन, थोड्या आणि मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील सहभागींवर झालेले आहेत आणि व्यक्तिव्यक्तींतील फरक मोठा आहे. काहींचे खाणे जागरणानंतर मुळीच वाढत नाही. झोप हा वजनाचा एकमेव किंवा प्रमुख निर्धारक नसून, आहार व श्रम यांच्या हिशेबात अनेकदा नोंदवला न जाणारा घटक आहे.